आरशातल्या तुम्ही, फोटोतल्या तुम्ही

ताई,

साखरपुड्याचे फोटो पाहून 'तोंड वाकडं आलंय' असं तुम्ही कळवलंत. तुमची नथ डाव्या नाकपुडीत आहे. आरशात ती तुमच्या डाव्या हातालाच दिसते. फोटोत मात्र समोरच्याला दिसते तशी, उजवीकडे. भांग आणि किंचित वर असलेली डावी भुवईसुद्धा तशीच बाजू बदलते. कुणाचाच चेहरा दोन्हीकडून तंतोतंत सारखा नसतो. आरशातल्या फरकाला आपले डोळे सरावलेले असतात. तोच उलटा झाला की खटकतो.

अमेरिकेत १९७७ साली मीटा, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी तरुणींना त्यांचाच फोटो सरळ आणि उलटा करून दाखवला. बहुतेकींना आरशासारखा उलटा आवडला, तर त्यांच्या जवळच्यांना सरळ.

फोनमध्ये फोटो आडवा फ्लिप करून पाहा. लगेच ओळखीचा वाटला, तर कारण हेच. सेल्फीत नाक मोठं दिसतं, ते मात्र कॅमेरा हातभर अंतरावर असल्यामुळे. फ्लिप करून ते बदलत नाही. हे फोटो मी दोन मीटरवरून काढलेत.

अल्बमसाठी मात्र फोटो उलटे करायला सांगू नका. पदर उजव्या खांद्यावर जाईल आणि मागच्या फलकावरची तुमची नावंही उलटी छापली जातील.

आपला,
फोटोग्राफर