रॅपिड फायर की चर्चा? एकाच धड्यातून दोन प्रकारचे प्रश्न

परिसंस्थेचा धडा घ्या. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या शाळेत हा धडा शिकवताना उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. बांबू, चितळ, वाघ, मोहाखालचा पाला हे सगळं मुलांनी पाहिलेलं असतं. प्रश्न असा की या धड्यावर रॅपिड फायर घ्यायचं की चर्चा? दोन्हींची कामं वेगळी आहेत, म्हणून प्रश्नही वेगळ्या पद्धतीनं बांधावे लागतात.

आधी रॅपिड फायर. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. मग काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र चित्र उलटलं: आठवून लिहिणाऱ्यांना सरासरी ५६ टक्के आठवलं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. म्हणजे फायदा आठवण्याच्या कष्टाचा आहे, आणि तो जो आठवतो त्यालाच मिळतो. हात वर करणाऱ्या चार मुलांनीच उत्तरं दिली, तर बाकीच्यांनी फक्त ऐकलं. म्हणून प्रत्येकाला पाटीवर लिहायला लावा आणि सगळ्या पाट्या एकदम वर करायला सांगा. कोण कुठे अडलंय हे तुम्हालाही लगेच दिसतं. शिवाय ज्यांच्या घरी माडिया किंवा गोंडी बोलतात, त्या मुलांना मराठीत पटकन बोलून दाखवायची शर्यत लागत नाही.

असा प्रश्न बांधताना एक कसोटी पुरते: उत्तर एक-दोन शब्दांचं आणि एकच असलं पाहिजे. 'मृत पानांचं विघटन करणाऱ्या एका सजीवगटाचं नाव सांगा' हा प्रश्न चालेल का? बुरशी आणि जिवाणू, दोन्ही बरोबर आहेत, त्यामुळे वाद होतो. 'अन्नसाखळीच्या पहिल्या पायरीवरच्या सजीवांना काय म्हणतात?' याचं उत्तर एकच, उत्पादक. आता 'रानडुक्कर कोणत्या प्रकारचा भक्षक?' हा प्रश्न बघा. ते कंदमुळं खातं, किडे खातं, मेलेलं जनावरही खातं. तेव्हा ते प्राथमिक भक्षक, की द्वितीयक? पाट्यांवर दोन-तीन वेगळी उत्तरं येतील आणि प्रत्येकामागे कारण असेल. हा प्रश्न रॅपिड फायरमधून काढा आणि चर्चेसाठी ठेवा.

चर्चेचा प्रश्न असाच ओळखता येतो: धडा नीट वाचलेली दोन मुलं वेगवेगळ्या उत्तरांवर पोचू शकतात आणि दोघांनाही कारणं देता येतात. पण त्याची मांडणीही जमायला हवी. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं गळायला लागली की ती वेचणं सोपं जावं म्हणून काही जण झाडाखालचा पाला जाळतात. 'पाला जाळावा का?' असं विचारलंत, तर वर्ग एका सुरात 'नाही' म्हणेल आणि चर्चा तिथेच संपेल. त्याऐवजी असं विचारा: 'पाला न जाळता मोह वेचायचा असेल, तर घरातल्यांनी काय करावं, आणि त्यात कोणाचे कष्ट वाढतील?' मग कुणी झाडून घ्यायचं सुचवेल, कुणी जाळी अंथरायचं. कुणी विचारेल, जाळीचे पैसे कोण देणार? पाला जळाला की विघटकांचं आणि लहान रोपांचं काय होतं, हा धड्यातला भाग इथे कामाला येतो.

प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेला १९७० च्या दशकात आढळलं की शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं, तर मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात.

मग कधी काय घ्यायचं? शब्द पक्के नसतील तर चर्चा घेऊ नका. पाट्यांवर तिसरा हिस्सा उत्तरं चुकली, तर आधी तो भाग पुन्हा शिकवा, हा माझा ढोबळ नियम. नाहीतर चर्चेत नुसती मतं येतात, धडा येत नाही. उलट, सगळ्या पाट्या बरोबर येऊ लागल्या की रॅपिड फायरमधून नवं काही कळत नाही. 'विघटक' हा शब्द बरोबर लिहिणाऱ्या मुलाला पाला जळाल्यावर मातीचं काय होतं ते सांगता येईलच असं नाही. तेव्हा चर्चेकडे वळा. चर्चा फसतेय हेही ओळखता येतं: प्रत्येक मूल तुमच्याकडे बघून पुस्तकातलं वाक्य म्हणतं, आणि दुसऱ्याच्या बोलण्यावर कुणीच 'पण' म्हणत नाही.

आणखी एक मर्यादा आपल्या भागातली. 'गावाजवळ वाघ हवा की नको?' हा प्रश्न वरच्या कसोटीला उतरतो. पण वाघाच्या हल्ल्यात ज्याच्या घरचं माणूस गेलं, असं मूल वर्गात असू शकतं. त्याला बाजू घ्यायला लावू नका. 'पहाटे मोह वेचायला जाणाऱ्यांनी धोका कसा कमी करावा?' असं विचारलं, तर त्या मुलालाही बोलता येईल, किंवा गप्प राहता येईल.