नव्या ई-ऑफिसचे परिपत्रक कसे लिहावे?

कार्यालयात ई-ऑफिस येते तेव्हा पहिल्या परिपत्रकात बहुधा ‘पारदर्शकता’ आणि ‘गतिमानता’ असे शब्द असतात. आवक-जावक सांभाळणाऱ्या लिपिकाला त्यातून काहीच कळत नाही. त्याला सांगावे, की फाइल कोणाकडे अडली आहे हे आता पडद्यावरच दिसेल, टेबलाटेबलांवर शोधत फिरावे लागणार नाही. फायदा ज्याच्या त्याच्या कामातून सांगितला की पटतो.

प्रशिक्षण मार्चअखेरीच्या धांदलीत ठेवू नये. प्रत्यक्ष वापराच्या आठवडाभर आधी, छोट्या तुकड्यांत ते द्यावे. फार आधी शिकलेले विसरले जाते. सरावात एक गोष्ट हमखास घ्यावी: पिवळी टिप्पणी हा मसुदा असतो, तो दुरुस्त करता येतो, हिरवी टिप्पणी फाइलबरोबर पुढे गेली की बदलता येत नाही. नवखे इथेच अडखळतात.

मदतीसाठी ‘संगणक कक्षाशी संपर्क साधावा’ एवढे पुरत नाही. व्यक्तीचे नाव, फोन क्रमांक, वेळ आणि ती रजेवर असल्यास पर्यायी नावही द्यावे. कागदी फाइल कोणत्या तारखेपासून स्वीकारली जाणार नाही, हे ठळक अक्षरांत लिहावे. ती तारीख नसेल, तर दोन्ही पद्धती समांतर चालतात आणि काम दुप्पट होते.