‘फायरवॉच’ संपल्यावर काय खेळावं?

‘फायरवॉच’ हा गेम चार-पाच तासांत संपतो आणि संपल्यावर मन रिकामं करून जातो. मग ‘असंच आणखी काहीतरी’ हवं असतं. ते करणाऱ्यांकडूनच मिळण्याची आशा ठेवण्यात फारसा अर्थ नाही. ‘काम्पो सँतो’ हा छोटा स्टुडिओ 2018 मध्ये वॉल्व्ह कंपनीत सामील झाला आणि त्यांचा जाहीर झालेला पुढचा गेम बाजूला पडला. त्यामुळे शोध बाहेरच घ्यावा लागतो.

तो घेताना बहुतेक जण दुकानातला टॅग पाहतात. स्टीमवर ‘फायरवॉच’ला Walking Simulator असा टॅग आहे. त्याच टॅगखाली ‘एव्हरीबडीज गॉन टू द रॅप्चर’ हा 2015 चा गेमही सापडतो. इंग्लंडमधलं एक ओस पडलेलं खेडं, प्रकाशाच्या आकृत्यांमधून ऐकू येणारी गावकऱ्यांची बोलणी, आणि आपण नुसते चालतोय. गेम सुंदर आहे, पण ‘फायरवॉच’साठी हळहळणारा माणूस त्यात अर्ध्या तासात कंटाळू शकतो. त्याला नेमकं काय आवडलं होतं, ते या टॅगमध्ये कुठेच नसतं.

ते काय होतं, हे शोधायची सोपी रीत आहे. कथा पुढे सरकत असताना आपले हात काय करत होते, ते आठवायचं. ‘फायरवॉच’मध्ये साल 1989 आहे. आदल्या वर्षी यलोस्टोनचं जंगल पेटून गेलंय आणि हेन्री वायोमिंगमध्ये वणव्यांवर नजर ठेवायच्या मनोऱ्यावर नोकरी धरतो. हातात कागदी नकाशा आणि होकायंत्र. सोबतीला वॉकीटॉकीवर दुसऱ्या मनोऱ्यावरची डेलायला. चालता चालता काही वेगळं दिसलं की वॉकीटॉकी उचलून तिला सांगायचं. उत्तराचे पर्याय थोडाच वेळ दिसतात. आपण काहीच निवडलं नाही, तर ते गप्प राहणं हेच उत्तर ठरतं आणि तीही त्यावर बोलते. या गेमची लय चालण्यापेक्षा या बोलण्यात आहे. जंगलातली लांब पायवाट रटाळ होत नाही, कारण कानाशी कुणीतरी असतं.

आशय वेगळा काढून बघायचा. हेन्री जंगलात येतो तो बायकोच्या आजारपणापासून पळून. जूलियाला ऐन उमेदीत स्मृतिभ्रंश झालाय, हे आपल्याला सुरुवातीलाच काही साध्या वाक्यांतून कळतं, आणि त्यातले छोटे निर्णय आपल्यालाच घ्यावे लागतात. पुढचं सगळं रहस्य या पळण्याभोवती फिरतं.

लय आणि आशय असे सुटे केले की लक्षात येतं, दोन्ही एकाच गेममध्ये मिळणं अवघड आहे. लयीसाठी मी बेधडक ‘ऑक्सनफ्री’ सुचवेन. नाइट स्कूल स्टुडिओचा हा गेमही 2016 चाच. अ‍ॅलेक्स आणि तिचे मित्र एका बेटावर अडकतात. संवादाचे पर्याय तिच्या डोक्यावर फुग्यांसारखे उमटतात आणि विरून जातात. चालणं थांबत नाही, समोरच्याचं वाक्य मध्येच तोडता येतं, गप्पही राहता येतं. रेडिओ इथेही आहे. फक्त इथली भुतं खरी आहेत. ‘फायरवॉच’ची भीती माणसांमधून येते, ते ज्याला भावलं त्याला हा फरक खुपेल.

आशयासाठी ‘लेक’ बघा. 2021 चा गेम, काळ 1986. मेरेडिथ शहरातली सॉफ्टवेअरची नोकरी दोन आठवडे बाजूला ठेवून ऑरेगनमधल्या तळ्याकाठच्या आपल्या गावी येते आणि वडिलांच्या जागी टपाल वाटते. परत जायचं की राहायचं, हा प्रश्न हेन्रीच्या प्रश्नाचा सख्खा भाऊ आहे. पण गाडीत ती एकटी असते. बोलणं होतं ते बहुतेक दारात पार्सल देताना, त्यामुळे मधले रस्ते लांब वाटतात आणि पोटात गोळा येईल असं काही घडत नाही. ज्यांना डेलायलाचा आवाज हवा आहे, त्यांची इथे निराशा होईल.

विकत घेण्याआधी ट्रेलरवर विसंबू नका. ट्रेलरमध्ये नाट्यमय क्षण निवडून लावलेले असतात आणि आपल्याला तपासायचा असतो तो दोन क्षणांमधला वेळ. कुणीतरी न बोलता खेळलेला व्हिडिओ शोधा, सुरुवात सोडून मधली दहा मिनिटं बघा. पात्र एका जागेहून दुसरीकडे जाताना काय घडतंय? कुणी बोलतंय का, आणि बोलत असेल तर खेळणाऱ्याला उत्तर देता येतंय का? उत्तर ‘नाही’ असेल, तर जंगल कितीही सारखं दिसो, तो गेम तुमच्या उपयोगाचा नाही.

तरी फसलात, तर स्टीमवर खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेल्या गेमचे पैसे परत मागता येतात. असे गेम लहान असतात, दोन तासांत निम्मी कथा होऊन जाते. म्हणून पहिल्या तासातच निर्णय घ्या.