दोन वर्षांचा टेस्टर आणि एक कूपन

मॅन्युअल टेस्टिंगमध्ये दोन वर्षं काढलेल्या उमेदवाराला मुलाखतीत बहुतेक जुनेच प्रश्न येतात. सिव्हिरिटी आणि प्रायॉरिटीत फरक काय, रीटेस्टिंग म्हणजे काय, बाउंड्री व्हॅल्यू कशी काढता. फ्रेशरने व्याख्या सांगितली तरी चालून जातं. दोन वर्षांनंतर मात्र समोरचा माणूस उत्तरात प्रत्यक्ष केलेलं काम शोधत असतो. म्हणून खालचे पाचही प्रश्न एकाच छोट्या उदाहरणावर घेतले आहेत. एका शॉपिंग अ‍ॅपमध्ये SAVE10 नावाचं कूपन आहे. नियम असा: 500 रुपयांच्या वरच्या खरेदीवर 10 टक्के सूट, जास्तीत जास्त 100 रुपये.

प्रश्न 1 : हे कूपन कसं तपासाल?

बरेच उमेदवार लगेच 499, 500 आणि 501 असे आकडे सांगतात. आकडे बरोबर असले, तरी त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा.

नमुना उत्तर : "आधी मी विचारेन, ‘500च्या वर’ यात पूर्ण 500 धरायचे का? आणि ही रक्कम डिलिव्हरी चार्ज धरून की सोडून? 500 चालतात आणि डिलिव्हरी चार्ज धरायचा नाही, असं ठरलं तर 499.99ला सूट मिळू नये आणि 500ला 50 रुपये मिळावेत. दुसरी सीमा 1,000 रुपयांवर आहे, कारण तिथे 10 टक्के म्हणजे बरोबर 100 रुपये होतात. म्हणून 999ला 99.90 सूट, 1,000ला 100 आणि 1,001लाही 100च, हे पाहीन. 555.55सारखी रक्कम टाकून पैशांचं राउंडिंगही तपासेन."

1,000ची सीमा नियमात कुठेच लिहिलेली नाही, ती हिशेब करून काढावी लागते. ती सांगणाऱ्या उमेदवाराला बाउंड्री व्हॅल्यूची व्याख्या सहसा वेगळी विचारत नाहीत.

प्रश्न 2 : तुम्ही टाकलेला बग डेव्हलपरने ‘नॉट रिप्रोड्युसिबल’ म्हणून परत केला. मग?

"मी टीम लीडला सांगेन" हे उत्तर अपुरं आहे. लीडकडे जाण्याआधी टेस्टरने स्वतः काय केलं, हे ऐकायचं असतं.

नमुना उत्तर : "कार्टमध्ये 650 आणि 450 रुपयांच्या दोन वस्तू होत्या. एकूण 1,100, सूट 100, देय रक्कम 1,000. मग 650ची वस्तू काढली. उरलेल्या 450वर सूट नसायला हवी होती, पण अ‍ॅप 350 रुपये मागत होतं. डेव्हलपरकडे मात्र बरोबर 450 दिसत होते. दोघांकडचं बिल्ड आणि टेस्ट अकाउंट आधी जुळवून पाहिलं, तिथे फरक नव्हता. मग शेजारी बसून दोघांनी एकेक स्टेप केली. डेव्हलपर कार्टच्या पानावरच वस्तू काढत होता. मी पेमेंटच्या पानापर्यंत जाऊन, बॅक दाबून मग काढली होती. ती स्टेप माझ्या रिपोर्टमध्ये नव्हती. ती घातली, स्क्रीन रेकॉर्डिंग जोडलं आणि बग पुन्हा उघडला."

या उत्तरात कुणावर ठपका नाही आणि बग कुठे लपला होता तेही कळतं. इथे जोडीला बग रिपोर्टचं शीर्षक विचारतात. "कूपन चालत नाही" असं शीर्षक वाचून काहीच समजत नाही. "पेमेंट पानावरून मागे येऊन वस्तू काढल्यास SAVE10ची सूट तशीच राहते" एवढं लिहिलं, तर डेव्हलपर थेट त्या जागी पोचतो.

प्रश्न 3 : या बगची सिव्हिरिटी आणि प्रायॉरिटी काय द्याल?

नमुना उत्तर : "सिव्हिरिटी वरची, कारण अशा प्रत्येक ऑर्डरमागे कंपनीचे पैसे जातात. कूपन आज रात्री सुरू होणार असेल तर प्रायॉरिटीही वरचीच. पण ऑफर पुढच्या महिन्यात सुरू होणार असेल, तर प्रायॉरिटी खाली येऊ शकते. सिव्हिरिटी मात्र तेवढीच राहील. ती मी सुचवतो, आधी काय दुरुस्त करायचं हे प्रॉडक्ट ओनर ठरवतो."

होमपेजवरच्या चुकीच्या लोगोचं ठरावीक उदाहरण दिवसभर ऐकलेल्या माणसाला, एकाच बगची प्रायॉरिटी तारखेनुसार बदलताना दाखवली तर ते अधिक पटतं.

प्रश्न 4 : डेटाबेसमध्ये काय तपासता?

दोन वर्षांच्या मॅन्युअल टेस्टरकडून साध्या एसक्यूएलची अपेक्षा असते. हा बग आधीच लाइव्ह गेला असेल, तर किती ऑर्डरना चुकीची सूट मिळाली हे स्क्रीनवर कळणार नाही.

नमुना उत्तर : "मी अशी क्वेरी चालवेन."

```sql
SELECT order_id, item_total, discount
FROM orders
WHERE coupon_code = 'SAVE10'
  AND item_total < 500
  AND discount > 0;
```

"एकही ओळ आली नाही तर लगेच खूश होणार नाही. item_totalमध्ये वस्तू काढण्याआधीची रक्कम साठवली जात असेल, तर चुकीची ऑर्डरही या चाळणीतून सुटेल. म्हणून मी मुद्दाम चुकवलेली ऑर्डर त्यात दिसते का, ते आधी पाहीन." जॉइन येत नसेल तर तसं सांगावं. पाठ केलेली क्वेरी पुढच्याच प्रश्नाला उघडी पडते.

प्रश्न 5 : बग दुरुस्त झाला, रिलीज उद्या आहे. रिग्रेशनच्या 200 केसेस आणि हातात चार तास. काय कराल?

"जादा वेळ थांबून सगळ्या केसेस संपवेन" हे उत्तर मेहनतीचं वाटतं, पण ते निवड करणं टाळतं.

नमुना उत्तर : "आधी त्याच स्टेप्सनी रीटेस्ट. मग डेव्हलपरला विचारेन की बदल कोणत्या कोडमध्ये झाला. एकूण रक्कम काढण्याच्या कोडमध्ये झाला असेल, तर त्या रकमेवर चालणारं सगळं आधी घेईन: वस्तूंची संख्या कमी-जास्त करणं, डिलिव्हरी चार्ज, ऑर्डर रद्द करणं, अर्धवट रिटर्न. त्यानंतर लॉगिनपासून पेमेंटपर्यंतचा मुख्य मार्ग. प्रोफाइलचा फोटो बदलण्यासारख्या केसेस सोडेन आणि काय तपासलं नाही त्याची यादी लीडला रिलीजच्या आधी मेल करेन."

यातलं अर्धवट रिटर्न मुलाखतीत मुद्दाम उलगडून सांगण्यासारखं आहे. वरच्या 1,100च्या ऑर्डरचे ग्राहकाने 1,000 भरले आणि 650ची वस्तू परत केली, तर त्याला किती रुपये द्यायचे? सूट दोन वस्तूंवर प्रमाणात वाटली तर 590.91. उरलेल्या 450वर सूट लागूच नाही असं धरलं तर 550. दोन्ही हिशेब बरोबर असू शकतात आणि नियमाने त्याबद्दल काहीच सांगितलेलं नाही. अशा वेळी टेस्टरने स्वतःच्या मनाने अपेक्षित उत्तर लिहायचं नसतं. प्रॉडक्ट ओनरकडून लेखी उत्तर घ्यायचं आणि मग टेस्ट केस लिहायची.

तयारीसाठी स्वतःच्या प्रोजेक्टमधलं असंच एक छोटं फीचर निवडून हे पाचही प्रश्न त्यावर सोडवावेत. फक्त कंपनीची गोपनीय माहिती आणि ग्राहकांचा डेटा उत्तरात येऊ देऊ नये. शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" असं म्हटल्यावर पगाराआधी एक गोष्ट विचारून घ्यावी: रिलीजच्या किती दिवस आधी बिल्ड टेस्टरच्या हातात येतं? चार तासांत 200 केसेसची वेळ तिथे कधीतरी येते की दर रिलीजला, हे त्या उत्तरावरून समजतं.