सुई पाहायची नसेल, तर नका पाहू

शिबिराच्या आदल्या दिवशी महाविद्यालयाच्या फाटकावर कापडी फलक लागतो, ‘रक्तदान, श्रेष्ठदान’. राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक दरवर्षी तोच फलक घडी उलगडून बांधतात. त्यात चूक काही नाही, पण तो बोलतो ते आधी चार वेळा रक्त दिलेल्यांशी. फाटकापाशी थबकलेल्या १९ वर्षांच्या मुलीला दान श्रेष्ठ आहे की नाही, हा प्रश्नच पडलेला नसतो. तिचे प्रश्न वेगळे असतात. चक्कर आली तर? सुई किती मोठी असते? आणि एकदा आत गेल्यावर ‘नको’ म्हणता येईल का?

या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर फलकावर सहसा नसते. उलट काही घोषवाक्ये तो रस्ताच बंद करतात. ‘भीती कसली? हिंमत असेल तर या’ हे वाक्य घाबरलेल्याला भित्रा ठरवते. ‘तुमच्या नकाराने कुणाचा जीव जाईल’ हे तर त्याला गुन्हेगारच करून टाकते. अशा वाक्यांनी रांग लांबते, हे खरे. अडचण पुढच्या टेबलावर सुरू होते.

रक्त घेण्यापूर्वी प्रश्नावली भरावी लागते. कावीळ, चालू असलेली औषधे, वर्षभरात गोंदवून घेतले आहे का, जोखमीचे लैंगिक संबंध, असे प्रश्न तिच्यात असतात. जमा झालेल्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ बी व सी, गुप्तरोग आणि मलेरिया यांसाठी चाचणी होतेच. पण संसर्ग नुकताच झालेला असेल, तर सुरुवातीचा काही काळ तो चाचणीत दिसत नाही. त्या काळात रुग्णाला वाचवणारी गोष्ट एकच, रक्तदात्याचे खरे उत्तर. मित्रांच्या घोळक्यात, सरांच्या नजरेखाली किंवा हजेरी मिळणार म्हणून आत आलेला मुलगा ‘हो’ लिहायच्या ठिकाणी ‘नाही’ लिहू शकतो. म्हणून दडपण न आणणे हा केवळ सौजन्याचा भाग नाही, रक्ताच्या सुरक्षिततेचाही आहे. मुलींच्या बाबतीत नकाराचे कारण अगदी खासगी असू शकते. पाळी सुरू असेल तर त्या दिवसांत रक्त घेत नाहीत, आणि हे वर्गमित्राला सांगायची वेळ कुणावर का यावी? ‘नाही म्हणालात तर कारण विचारणार नाही’ हे वाक्य घोषवाक्यासारखे वाटत नाही, पण फलकावर त्याला जागा हवी.

भीतीचा दुसरा परिणाम शरीरावर होतो. ताण वाढला की काही जणांच्या हृदयाचे ठोके अचानक मंदावतात, पायांतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो आणि मेंदूकडे जाणारे रक्त क्षणभर कमी पडते. चेहरा पांढरा पडतो, कपाळाला गार घाम येतो, जांभया सुरू होतात. इतका वेळ बडबडणारा मुलगा एकदम गप्प झाला, तर जवळच्या स्वयंसेवकाने लगेच परिचारिकेला हाक मारावी. वय लहान, वजन कमी आणि पहिलीच वेळ, अशांमध्ये हे जास्त दिसते. एकाला चक्कर आलेली पाहून रांगेतल्या दुसऱ्यालाही येते, आणि चक्कर आलेला दाता पुन्हा शिबिराकडे फिरकण्याची शक्यता कमी होते.

यावरचा सोपा उपाय म्हणजे पाणी. सुई टोचण्याआधीच्या अर्ध्या तासात सुमारे अर्धा लिटर पाणी प्यायले, तर चक्कर येण्याचे प्रमाण घटते. उपाशीपोटी तर यायचेच नाही. दुसरा उपाय स्नायूंचा. पायाला पायाची अढी घालून मांड्या आणि नितंब पाचेक सेकंद आवळायचे, सोडायचे, पुन्हा आवळायचे. त्यामुळे पायांत साठू पाहणारे रक्त वर ढकलले जाते. अमेरिकेतील ओहायो विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रान्स आणि त्यांचे सहकारी यांनी या युक्तीचा, तसेच भीतीला थेट हात घालणाऱ्या माहितीपत्रकांचा अभ्यास केला आहे. भीती लपवण्याऐवजी तिचे काय करायचे ते सांगितले, तर दात्याचा स्वतःवरचा विश्वास वाढतो, असे त्यातून दिसले.

म्हणजे घोषवाक्यातच उपाय मावला पाहिजे. ‘आधी पाणी, मग पोहे, मग विचार’ या सहा शब्दांत वैद्यकीय सूचनाही आहे आणि विचार करायची मोकळीकही. ‘सुई पाहायची नसेल, तर नका पाहू; मान वळवा, आम्ही गप्पा मारू’ हे दुसरे. ‘जरासुद्धा दुखत नाही’ मात्र लिहू नये, कारण ते खोटे आहे. सुई नेहमीच्या तपासणीच्या सुईपेक्षा जाड असते आणि टोचताना चांगली कळ येते. पहिले वाक्य खोटे निघाले की बाकीच्यांवरचाही विश्वास उडतो. ‘टोचताना क्षणभर दुखेल, मग दहा मिनिटांच्या आत पिशवी भरेल’ हे साधे आहे आणि खरे आहे.

‘एका पिशवीने तीन जीव वाचवा’ हेही लोकप्रिय वाक्य थोडे तपासून घ्यावे. पिशवीतून तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा वेगळे करता येतात, ते तीन रुग्णांना देता येतात, इथपर्यंत ठीक. पण तीन जीव डोक्यावर ठेवून एखाद्याला ‘नको’ म्हणायला लावणे जड जाते. ‘तीन रुग्णांना उपयोग होऊ शकतो’ एवढे पुरते.

आता फाटकापाशी थांबलेल्या त्या मुलीकडे येऊ. समजा, तिचे वजन ५२ किलो आहे. किमान वय १८ आणि किमान वजन ४५ किलो, या दोन्ही अटींत ती बसते. ४५० मिलिलिटरच्या पिशवीसाठी ५५ किलोच्या वर वजन लागते, म्हणून तिच्याकडून ३५० मिलिलिटरच घेतील. तिच्या शरीरात साधारण साडेतीन लिटर रक्त असेल, म्हणजे जाणार ते सुमारे दहावा भाग. द्रव भाग एक-दोन दिवसांत भरून येतो. तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात, म्हणूनच स्त्रियांना पुढचे रक्तदान १२० दिवसांनी आणि पुरुषांना ९० दिवसांनी करता येते. तिच्यासाठी फाटकावर हवे ते वाक्य असे: ‘वय १८, वजन ४५, भीती कितीही. या, आधी बोलू.’

बोटाला टोचून हिमोग्लोबिन पाहिले आणि ते १२.५ च्या खाली निघाले, तर तिला परत पाठवतील. आपल्याकडे अनेक मुलींच्या बाबतीत हे घडते. मोठ्या धीराने आत आलेली मुलगी मान खाली घालून बाहेर पडते, आणि मैत्रिणी विचारतात, ‘काय गं, घाबरलीस?’ या टेबलाशेजारी ‘आज थांबवलं म्हणजे नापास नव्हे’ असे लिहावे, आणि तिच्या हातात तिचा आकडा व डॉक्टरांकडे जाण्याची चिठ्ठी द्यावी.

शेवटचे वाक्य नोंदणीच्या टेबलावर ठेवायचे: ‘आज नको वाटलं, तरी चहा आहेच.’ ते लिहिले तर चहाची किटली दात्यांच्या विश्रांतीच्या खोलीत ठेवून चालणार नाही. तिथे दंडावर पट्टी नसलेला माणूस लगेच ओळखू येतो. एक किटली दाराबाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांसाठी हवी. तिथे उभ्या असलेल्या स्वयंसेवकाने कप भरून द्यावा आणि ‘दिलंस का?’ असे विचारू नये.