नाव नवे, खाते तेच

३० जुलै २००७ रोजी यूटीआय बँकेचे नाव ‘अॅक्सिस बँक’ झाले. १९९४ मध्ये व्यवहार सुरू केलेल्या या बँकेचा कारभार उत्तम चालला होता. अडचण नावाची होती. ते मुळात युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाचे. बँकेशी संबंध नसलेल्या इतर काही संस्थाही तेच नाव लावत होत्या आणि लोकांची गल्लत होत होती. शिवाय २००१ मध्ये युनिट ट्रस्टने ‘यूएस-६४’ या लोकप्रिय योजनेच्या युनिट्सची खरेदी-विक्री काही महिने थांबवली होती आणि अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांचे पैसे त्यात अडकले होते. सहा वर्षांनी त्याच नावाची बँक नाव बदलते आहे म्हटल्यावर खातेदाराच्या मनात शंका येणे अगदी साहजिक होते.

बँकेने आपल्या जाहिरातींत जुळी माणसे दाखवली. दिसायला हुबेहूब सारखी, फक्त नावे वेगळी. सांगायचे होते एवढेच, की नाव सोडून सगळे तेच आहे. नव्या नावाची थोरवी गाण्यापेक्षा काय बदललेले नाही हे आधी सांगायचे, हा क्रम योग्य होता. बहुतेक कंपन्या नेमक्या इथेच चुकतात. नवे नाव ठरवण्यात त्यांचे महिनोन् महिने गेलेले असतात. त्यामुळे नावामागचा विचार, नव्या बोधचिन्हाचे रंग, पुढची स्वप्ने हेच त्यांच्या तोंडी आधी येते. ग्राहकाचे प्रश्न साधे असतात. माझे पैसे सुरक्षित आहेत ना? मला काही करावे लागेल का? कधीपासून? ही उत्तरे मिळाल्यावरच तो कारणाकडे वळतो.

म्हणून पहिला संदेश साधारण असा असावा : ‘१ तारखेपासून आमचे नाव बदलत आहे. तुमचा खाते क्रमांक, ठेवी, व्याजदर आणि शाखा तीच राहील. तुम्हाला काहीही करण्याची गरज नाही. जुने चेकबुक आणि कार्ड चालू राहील. या बदलासाठी आम्ही ओटीपी, पिन किंवा कोणतीही माहिती फोनवर विचारणार नाही.’ नाव का बदलले हे पुढच्या पत्रात दोन-तीन वाक्यांत सांगितले तरी पुरते; ते खरे मात्र असावे. मालकी बदलली असेल तर तीही स्पष्ट सांगावी. ती बातमी वर्तमानपत्रातून कळली, तर लपवाछपवीचा संशय येतो आणि मग बाकीच्या आश्वासनांवरही विश्वास बसत नाही.

ओटीपीचे वाक्य शेवटी असले तरी गाळू नये. ‘बँकेचे नाव बदलले आहे, माहिती अद्ययावत केली नाही तर खाते बंद होईल’ असा फोन करायला भामट्यांना अशा काळात आयते निमित्त मिळते. ग्राहक गोंधळलेला असतो आणि नवे नाव त्याच्या अजून ओळखीचे नसते. याच कारणासाठी पहिला संदेश जुन्याच नावाने, जुन्याच ईमेल पत्त्यावरून आणि एसएमएसवर दिसणाऱ्या जुन्याच नावाने जायला हवा. अनोळखी नावाने आलेला ‘आम्ही तेच आहोत’ हा संदेश फसवणुकीच्या संदेशासारखाच दिसतो. जुने नाव आधी नव्याची ओळख करून देते, मग काही आठवडे दोन्ही नावे शेजारी-शेजारी दिसतात आणि त्यानंतर नवे नाव एकटे उभे राहते.

ग्राहकाच्याही आधी ही गोष्ट कर्मचाऱ्यांना कळायला हवी. लोक कंपनीच्या संकेतस्थळावर जाण्याआधी काउंटरवरच्या माणसाला, घरी येणाऱ्या एजंटाला, नाहीतर शाखेच्या दारातल्या रखवालदाराला विचारतात. ‘मलाही आत्ताच समजलं,’ हे उत्तर मिळाले की लाखो रुपयांची जाहिरात वाया जाते.

नाव बदलणे वेगळे आणि व्यवहाराचे संकेतांक बदलणे वेगळे. हा फरक संदेशात अगदी ठळक हवा. अॅक्सिस बँकेच्या शाखांचा आयएफएससी आजही UTIB या अक्षरांनीच सुरू होतो. ग्राहकाला त्याचा त्रास होत नाही, कारण पगार, हप्ते आणि वीजबिले या संकेतांकावर चालतात, पाटीवरच्या नावावर नाही. याउलट १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली, तेव्हा SYNB ने सुरू होणारे संकेतांक जाऊन CNRB ने सुरू होणारे आले. जुने संकेतांक जून २०२१ अखेरपर्यंत चालू ठेवले गेले. अशा वेळी ‘काहीही करायची गरज नाही’ असे म्हणणे खोटे ठरते. ग्राहकाने कोणाला कळवायचे, कोणत्या तारखेच्या आत आणि नाही कळवले तर काय अडेल, हे तिथे आधी सांगावे लागते.

संक्रमणाचा काळ किती ठेवायचा, हे सर्वांत उशिरा बदलणाऱ्या कागदावरून ठरते. फलक एका रात्रीत बदलता येतात. सप्टेंबर २००७ मध्ये ‘हच’चे ‘व्होडाफोन’ झाले ते असेच धडाक्यात. जाहिरातीतले ओळखीचे कुत्रे गुलाबी घरातून लाल घरात गेले आणि देशभर बातमी पोहोचली. मुंबईच्या ग्राहकाला तर याची सवयच होती. मॅक्स टच, ऑरेंज, हच, व्होडाफोन आणि २०२० पासून ‘व्हीआय’ अशी नावे बदलत गेली, तरी मोबाइल क्रमांक तोच राहिला. पण विमा वर्षाने नूतनीकरणाला येतो, चेकबुक दोन-दोन वर्षे पुरते, हमीपत्र त्याहूनही जुने असू शकते. यातले एखादे जुन्या नावाचे पान घेऊन ग्राहक येईल तेव्हा त्याला परत पाठवता कामा नये. कंपनीचे नाव बदलले तरी कायद्याच्या दृष्टीने कंपनी तीच असते, तिची देणी आणि करारही तसेच चालू राहतात. २०१३ चा कंपनी कायदा तर नाव बदलल्यावर पुढची दोन वर्षे नव्या नावासोबत जुने नावही लिहायला लावतो. बहुतेक धंद्यांना तेवढीच मुदत व्यवहारातही सोयीची पडते.

घोषणा नीट पोहोचली की नाही, हे पहिल्या महिन्यातच कळते. खात्यातून जाणाऱ्या हप्त्यापुढे पासबुकात अनोळखी नाव उमटले, की ‘हे पैसे कोणी कापले?’ अशी तक्रार येते. काही जण बँकेला सांगून हप्ताच थांबवतात. हे टाळायचे तर नव्या नावाने पहिली रक्कम कापण्यापूर्वी चार-पाच दिवस आधी एक छोटा संदेश जावा : पासबुकात हे नाव दिसेल, रक्कम तीच असेल. त्या महिन्यात आलेल्या प्रत्येक फोनमधला पहिला प्रश्न नोंदवून ठेवावा. एकच प्रश्न वारंवार येत असेल, तर त्याचे उत्तर पुढच्या पत्राच्या पहिल्या ओळीत जावे.

शेवटचा खर्च अगदी लहान असतो आणि तोच बहुधा विसरला जातो. जुन्या नावाचा संकेतस्थळाचा पत्ता आणि त्यावरचे ईमेल संक्रमण संपल्यावरही वर्षानुवर्षे नूतनीकरण करून आपल्याच ताब्यात ठेवावे लागतात. मुदत संपली की तो पत्ता कोणीही विकत घेऊ शकतो. मग जुन्या ग्राहकांची पत्रे, बिले आणि पासवर्ड बदलण्याच्या विनंत्या सरळ त्याच्या हाती पडतात.