मत गुप्त, तरी हिशेब पक्का

मतदान गुप्त असेल, तर पैसे किंवा शिधा घेऊन माणूस भलत्यालाच मत देऊ शकतो. मग पक्ष खर्च का करतात? अर्जेंटिनात याचं उत्तर 'पुंतेरो' नावाच्या माणसाकडे सापडतं. हा वस्तीतला पक्षाचा दलाल. औषध, दूध पावडर, रोजगार योजनेत नाव घालणं, सगळं त्याच्यामार्फत.

मत त्याला दिसत नाही, पण माणसं दिसतात. सभेच्या बसमध्ये कोण चढलं, कोण टाळतं, याची तो नोंद ठेवतो. शिवाय तिथे अनेक दशकं प्रत्येक पक्ष आपापली मतपत्रिका छापत असे. पुंतेरो ती घरीच नेऊन देई. मतदाराने केंद्रात ती पाकिटात घालून पेटीत टाकायची. मत कळत नसे, तरी दबाव घरापासून सुरू होई.

समाजशास्त्रज्ञ हाविएर आउयेरो यांनी १९९०च्या दशकात ब्यूनस आयर्सलगतच्या झोपडपट्टीत हे जवळून पाहिलं. पुंतेरोच्या आतल्या वर्तुळातले लोक मत विकल्याचं मानत नव्हते. अडचणीला धावून आलेल्याची आठवण ठेवली, एवढंच. मला हेच जास्त चिवट वाटतं. निवडणुकीच्या आदल्या रात्रीचं पाकीट पकडता येतं, वर्षभराचा उपकार कोणत्या कलमाखाली पकडणार?

दलालही पक्षाला फसवतो: ज्यांची मतं मिळणारच आहेत त्यांनाच वाटप करून गर्दी दाखवतो.

ऑक्टोबर २०२५च्या राष्ट्रीय निवडणुकीत तिथे प्रथमच सरकारने छापलेली एकच मतपत्रिका वापरली गेली. राष्ट्रीय निवडणुकीपुरती घरपोच मतपत्रिका त्यामुळे थांबली. योजनेच्या यादीवरचा पुंतेरोचा हात मात्र त्याने सुटत नाही.